“आईला चार तास बसवून ठेवलं” अशी तक्रार आली तर उत्तर कसं लिहायचं

प्रश्न: आमचं तालुक्याच्या गावी वीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल आहे, मी ऑफिस पाहतो. एका पेशंटच्या मुलानं लेखी तक्रार दिली की आईला ओपीडीत चार तास बसवून ठेवलं, तिला चक्कर आली, घरी जायची गाडी पण गेली. तेच गूगलवर पण टाकलं. मोठे डॉक्टर म्हणतात माफी मागू नको, उद्या कोर्टात लागते. मॅडम म्हणतात माफी मागून टाक अन विषय संपव. नेमकं काय लिहू?

उत्तर:

दोघंही अर्धे बरोबर आहेत भाऊ. डॉक्टरांची भीती खोटी नाही, कारण इंग्लंडमध्ये २००६ च्या कॉम्पेन्सेशन अॅक्टमध्ये सरळ लिहून ठेवलंय की नुसती माफी मागितली म्हणून निष्काळजीपणा कबूल केला असं होत नाही, तसं संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे आणि त्यात कबुलीची व्याख्या चांगली ऐसपैस आहे, म्हणजे वादाच्या मुद्द्याबद्दल काही सुचवणारं तुमचं लेखी वाक्य समोरचा पुरावा म्हणून ठेवू शकतो. पण त्याच कायद्यात हेही आहे की कबुली म्हणजे शेवटचा पुरावा नव्हे, ती का केली हे तुम्हाला समजावून सांगता येतं. त्यामुळे “माफी” हा एक शब्द लिहिला की केस हरलो असं काही नाही. अन मॅडमचं म्हणणं असं की माणूस दुखावलाय, त्याला आधी माणसासारखं बोला, तेही शंभर टक्के खरं, कारण मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारी ग्राहक आयोगापर्यंत गेल्या त्या मूळ उशिरामुळे नाही, तर पहिल्या पत्राला आलेल्या कोरड्या उत्तरामुळे.

मी वर्षानुवर्षे हेच काम करतो, विदर्भातल्या छोट्या मोठ्या हॉस्पिटलची तक्रारीची पत्रं वाचतो अन उत्तरं लिहून देतो, आणि माझा हिशेब सरळ आहे. तक्रारीच्या उत्तरात तीन प्रकारची वाक्यं येतात. एक, त्या माणसावर काय बेतलं. दोन, त्या दिवशी किती वाजता काय झालं. तीन, कशामुळे काय झालं अन चूक कोणाची. पहिल्या प्रकारची वाक्यं मोकळ्या मनानं लिहा, दुसऱ्या प्रकारची रजिस्टर समोर ठेवून मिनिट मोजून लिहा, आणि तिसऱ्या प्रकारचं एकही वाक्य लिहू नका, ना कबूल करणारं ना झटकून टाकणारं. बस, बाकी सगळं यातूनच निघतं. बहुतेक लोक उलटं करतात, पहिल्याला कंजूषी करतात अन तिसऱ्यात पानभर लिहितात.

तुमच्यासारखंच एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं, तेच घेऊन सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदललेत. जुलै महिना, पेरणीचे दिवस, त्यात बाजाराचा दिवस. साठीच्या आसपासची बाई, शुगरची जुनी पेशंट, तीसेक किलोमीटरवरच्या गावाहून सकाळच्या एसटीनं मुलासोबत आली. काउंटरवर ९:२० ला नंबर लागला. ९:४० ला उपाशीपोटीचं रक्त काढलं. डॉक्टर १०:३० ला ओपीडीत बसले, अन १०:५० ला साप चावलेला पेशंट आला. आता सर्पदंशाला एएसव्ही, म्हणजे विषावरचं औषध, सुरू केलं की डॉक्टरला तिथून हलता येत नाही, रिअॅक्शन कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे ओपीडी थांबली. बाहेर चाळीसेक माणसं बसून, आणि बाहेरच्या कोणालाच सांगितलं नाही की आत काय चालू आहे. बाईनं रक्त दिल्यावर काही खाल्लंच नाही, कारण तिला वाटलं डॉक्टरनं पाहिल्याशिवाय खायचं नसते, अन शुगरची गोळी मात्र घरून घेऊन निघाली होती. १२:१५ ला तिला घाम फुटला, चक्कर आली. सिस्टरनं ग्लुकोमीटर लावला तर ५८, म्हणजे सत्तरच्या खाली, ग्लुकोजचं पाणी पाजलं, १२:३५ ला परत पाहिलं तर ९६. डॉक्टरनं १:२५ ला तपासलं, व्यवस्थित तपासलं, गोळीचा डोस पण कमी करून दिला. तोवर दीडची गाडी हुकली अन पुढची संध्याकाळी पाचला.

मुलाच्या पत्रात काय होतं पहा. “माझी माय सकाळपासून उपाशी बसून होती, कोणी येऊन विचारलं नाही. तुमच्या हलगर्जीपणानं तिचा जीव जात होता. मागून आलेल्याला आधी घेतलं. आमचे तीनशे रुपये फीचे वापस करा आणि लेखी खुलासा द्या.”

असं पत्र आलं की पहिलं काम लिहिणं नाही. पहिलं काम कागद गोळा करणं. नंबरचं रजिस्टर, केसपेपर, लॅबची वही, इमर्जन्सी रजिस्टर, सिस्टरची नोंद, सगळ्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढून एका फाइलीत लावा. आणि मूळ कागदावर पेन टेकवू नका, म्हणजे अजिबात नाही. मला असे लोक भेटलेत की जे तक्रार आल्यावर केसपेपरवर मागून “पेशंटला नाश्ता करण्यास सांगितले” असं लिहून ठेवतात. शाई वेगळी दिसते, जागा नसते म्हणून अक्षर दाबून लिहिलेलं असतं, अन पेशंटकडे मोबाइलवर त्याच कागदाचा आधीचा फोटो असतो. साध्या उशिराच्या तक्रारीतून खोट्या रेकॉर्डचं प्रकरण उभं राहतं, मग तुमचं खरं सुद्धा कोणी खरं मानत नाही. नोंद राहून गेली असेल तर वेगळ्या कागदावर आजची तारीख घालून “सिस्टरनी आज तोंडी सांगितल्याप्रमाणे” असं लिहा, ते चालतं. घड्याळांचं पण पाहून घ्या. या केसमध्ये ग्लुकोमीटरच्या मेमरीत वेळ पाऊण तास पुढची दाखवत होती कारण सेल बदलल्यावर कोणी घड्याळ लावलंच नव्हतं. मशीन दुरुस्त करायच्या आधी त्या दिवशीचा स्क्रीन अन भिंतीवरचं घड्याळ असा एका फ्रेममध्ये फोटो काढून ठेवला, फरक लिहून ठेवला, मग वेळ लावली.

दुसरं काम फोन. लेखी उत्तराच्या आधी फोन झालाच पाहिजे, आणि तो रिसेप्शनच्या पोरीनं नाही तर तुम्ही किंवा स्वतः डॉक्टरनं करायचा, पत्र हातात पडल्यापासून दोन दिवसांच्या आत. फोनवर खुलासा द्यायचा नाही, पहिला प्रश्न आईच्या तब्येतीचा. त्या केसमध्ये मी बाजूला बसून होतो, डॉक्टर म्हणाले, “दादा, डॉक्टर बोलतो, आधी सांगा मायची तब्येत कशी आहे, शुगर पाहिली का घरी, गोळी कोणती चालू आहे आता?” पोरगा एक मिनिट गप्पच झाला. मग बोलायला लागला अन थांबेचना, आणि त्यात जे निघालं ते पत्रात नव्हतं. त्याला साप चावलेल्याला आधी घेतल्याचा राग नव्हता हो, खेड्यातला माणूस आहे, सर्पदंश काय असते त्याला कोणी शिकवायची गरज नाही. तो म्हणाला, “सर, एकानं बाहेर येऊन सांगतलं असतं की दोन तास लागतात, तर मी मायला समोरच्या हॉटेलात नेऊन पोहे चारले असते.” खरी तक्रार ही होती. चार तास ही तक्रार नव्हतीच, कोणी सांगितलं नाही ही होती. हे फोनवर कळलं नसतं तर उत्तर भलत्याच गोष्टीचं गेलं असतं.

फोनवर एवढंच पाळायचं की “हो, आमचीच चूक झाली” किंवा “आमचं काही चुकलं नाही” यातलं काहीही बोलायचं नाही, फोन रेकॉर्ड होऊन राहिला आहे असंच समजून बोलायचं. “तुम्ही सांगता ते मी लिहून घेतो, कागद पाहतो आणि शुक्रवारपर्यंत लेखी देतो” हे म्हणायचं, आणि शुक्रवार म्हटलं तर शुक्रवारच.

आता पत्र. लेटरहेडवर, मराठीत, एका पानात. आपल्याकडे असं पत्र एकटा माणूस वाचत नाही, गावात मास्तर किंवा एखादा शिकलेला पुतण्या मोठ्यानं वाचून दाखवतो आणि त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. त्यामुळे वकिली भाषा नको. त्या केसमध्ये हे पत्र गेलं होतं:

“श्री. ______ यांस, नमस्कार.

दिनांक ______ रोजी आपण आपल्या आईंना घेऊन आमच्याकडे आला होता, त्याबद्दलचं आपलं पत्र मिळालं आणि मी ते पूर्ण वाचलं. मंगळवारी फोनवर बोलताना आईंची तब्येत आता बरी असल्याचं आपण सांगितलं, ते ऐकून बरं वाटलं.

शुगरच्या पेशंटला सकाळपासून उपाशी एवढा वेळ थांबावं लागणं, त्यात चक्कर येणं आणि शेवटी घरी जायची गाडीही निघून जाणं, हे आपल्या आईंसाठी आणि आपल्यासाठी किती त्रासाचं झालं असेल हे मी समजू शकतो. आपल्याला त्या दिवशी जो त्रास झाला त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या नोंदींप्रमाणे आईंचा नंबर ९:२० ला लागला, रक्त ९:४० ला घेतलं आणि डॉक्टरांनी १:२५ ला तपासलं. त्या दरम्यान १०:५० ला एक तातडीचा पेशंट आला आणि डॉक्टर त्याच्याजवळ होते, त्या काळात ओपीडी थांबली होती. १२:१५ ला आईंना बरं वाटत नसल्याचं कळल्यावर सिस्टरनी शुगर तपासली, ती ५८ होती, ग्लुकोज दिलं, आणि १२:३५ ला ती ९६ झाली.

मधल्या वेळेत आपल्याला कोणी काही सांगितलं नाही हे आपण फोनवर सांगितलं. ही गोष्ट मी गांभीर्यानं घेतली आहे. आता ओपीडी अर्ध्या तासाहून जास्त थांबली तर काउंटरवरून बाहेर येऊन तसं सांगितलं जातं, आणि उपाशीपोटी रक्त दिलेल्या पेशंटला खाण्याबद्दल लॅबमध्येच विचारलं जातं.

आईंच्या कागदपत्रांच्या प्रती हव्या असतील तर मिळतील. पुढच्या तपासणीला येण्याआधी मला या नंबरवर फोन करा: ______. गाडीची वेळ पाहून नंबर लावून ठेवू.

आपला, ______”

आता यातली एकेक जागा पाहू, कारण असं पत्र सोपं वाटते पण जरा शब्द हलले की अर्थ बदलते.

“जो त्रास झाला त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं” इथं त्रास झाला हे आपण मान्य करतो, कारण तो झालाच आहे, तो नाकारण्यात ना कायद्याचा फायदा ना माणुसकीचा. पण तो त्रास आमच्या निष्काळजीपणामुळे झाला असं कुठंच लिहिलेलं नाही. याच जागी लोक “आपल्याला काही गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत” असं लिहितात. हे “असल्यास” काढून टाका. त्याची माय समोर घामाघूम होऊन आडवी पडली होती अन तुम्ही विचारता गैरसोय झाली असल्यास? मी लोकांना हे वाक्य वाचून कागद चुरगाळताना पाहिलंय. अन त्यानं कायद्याचं संरक्षणही काडीचं वाढत नाही. “क्षमस्व” लिहावंसं वाटत असेल तर लिहा, पण त्याच्यापुढे त्रास किंवा थांबावं लागलं हे यायला पाहिजे. “उशिरा उपचार केल्याबद्दल क्षमस्व” लिहिलं की ते तिसऱ्या प्रकारचं वाक्य झालं, कारण उपचार उशिरा झाले की नाही हाच तर उद्याच्या वादाचा मुद्दा आहे. थांबावं लागणं वेगळं आणि उपचाराला उशीर होणं वेगळं. बाईला चक्कर आल्याचं कळताच शुगर पाहिली अन ग्लुकोज दिलं, म्हणजे उपचार लगेच झाले, आणि तुम्हीच लिहून देऊन राहिले की उशिरा झाले!

वेळा मी पूर्ण दिल्या, आपल्या विरोधात जाणारी १:२५ सुद्धा. डॉक्टर लोक म्हणतात चार तास हे आपल्या हातानं काहून लिहायचं? भाऊ, ते नंबरच्या चिठ्ठीवर आणि केसपेपरवर छापलेलंच आहे, तो कागद त्याच्याकडे आहे. जे त्याच्याकडे आधीच आहे ते लपवलं तर बाकीचंही लपवलं असं वाटते. उलट १२:१५ ते १२:३५ या वीस मिनिटांत तुमच्या सिस्टरनी काय केलं हे तुमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम आहे, आणि ते फक्त वेळेसकट लिहिलं तरच कामाचं. मात्र “ताबडतोब”, “सर्वोत्तम”, “तत्पर सेवा” असली विशेषणं लावू नका, आकडे दिले की तो स्वतःच समजतो.

तातडीच्या पेशंटबद्दल एकच वाक्य आहे आणि त्यात साप नाही, गाव नाही, बाई की माणूस ते नाही. छोट्या तालुक्यात “त्या दिवशी साप चावलेला” म्हटलं की चौकात सगळ्यांना कळते कोण ते, आणि दुसऱ्या पेशंटची माहिती उघड करणं हा वेगळाच भंग झाला, त्याची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे जाऊ शकते. फोनवर मुलगा स्वतःच साप म्हणाला तरी पत्रात आपण लिहायचं नाही. आणि हे कारण इमर्जन्सी रजिस्टरशी जुळलं पाहिजे. “डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते” हे कारण हॉस्पिटलवाले सवयीनं देतात, मग ओटी रजिस्टर मागवलं की त्या वेळी एकही नोंद नसते. कारण नसेल तर कारण देऊ नका, नुसत्या वेळा द्या.

जे मुद्दाम लिहिलं नाही ते पण सांगतो, कारण मूळ मसुद्यात त्यांच्या मॅनेजरनं ते सगळं घातलं होतं. त्यात होतं, “त्या दिवशी दोन सिस्टर रजेवर असल्याने आपल्या आईकडे लक्ष देता आले नाही.” हे वाक्य माफीपेक्षा शंभर पट घातक आहे. यात माणसं कमी होती हे कबूल, लक्ष दिलं नाही हे कबूल, आणि “असल्याने” लावून दोन्हीचा संबंधही आपणच जोडून दिला. पुढं होतं, “सदर सिस्टर नवीन असून तिला समज देण्यात आली आहे.” ही तर लोकांना चांगुलपणा वाटते, पण सिस्टरच्या कामाची जबाबदारी हॉस्पिटलवरच येते, म्हणजे दोष तिच्यावर ढकलून तुम्ही सुटत नाही, उलट अनट्रेन्ड माणूस ठेवला हे लिहून देता, आणि जिनं बाईला ग्लुकोज पाजलं तिलाच बळी देता. अन तिसरं, “डायबिटीसच्या पेशंटने गोळी घेऊन उपाशी राहू नये हे आपणास माहीत असायला हवे होते.” वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे, पण चूक कोणाची या वादात तुम्ही स्वतः उतरले, आणि तो लगेच विचारेल की मग तुम्ही रक्त घेताना काहून नाही सांगितलं? त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

त्याच्या पत्रात “हलगर्जीपणा” शब्द आहे, त्याला उत्तर काय? काहीच नाही. “आम्ही हा आरोप स्पष्टपणे फेटाळतो” हे वाक्य वकिलाच्या नोटिशीच्या उत्तरात शोभते, आईची शुगर उतरलेल्या पोराला नाही. गप्प राहिलं म्हणजे आरोप मान्य झाला असं म्हणतील ही भीती मला नेहमी विचारतात. नोटिशीला उत्तरच दिलं नाही तर ते तसं अंगावर येऊ शकते, पण इथं तुम्ही उत्तर दिलंय, वेळा दिल्यात, उपचार काय झाले ते दिलंय. नुसतं थांबावं लागलं एवढ्यावरून केस होत नसते, सेवेत कमी होती आणि तिच्यामुळे नुकसान झालं हे दोन्ही त्याला दाखवावं लागते, अन तुमचं पत्र त्यातलं काहीच त्याच्या हातात देत नाही.

“आता ओपीडी थांबली तर सांगितलं जातं” या वाक्यावर त्यांचे वकील अडून बसले होते, म्हणे यानं आधी सांगत नव्हते हे सिद्ध होते. थोडी जोखीम आहे, नाही म्हणत नाही. तरी मी ते ठेवायला लावलं, कारण पोराची खरी तक्रार तीच होती आणि तिच्यावर काहीच न लिहिलेलं पत्र म्हणजे रिकामा कागद. फक्त दोन गोष्टी पाळल्या. वाक्य “आमची चूक सुधारण्यासाठी” असं सुरू केलं नाही. आणि जे पत्राच्या तारखेच्या आधी खरंच सुरू झालं तेवढंच लिहिलं. “यापुढे असे कधीही होणार नाही” हे चुकूनही लिहू नका. पुढच्या बाजाराच्या दिवशी परत सर्पदंश येईल, परत ओपीडी थांबेल, आणि दुसरा माणूस तुमचंच पहिलं पत्र दाखवून म्हणेल की यांना माहीत होतं, वचन दिलं होतं, तरी झालं.

तीनशे रुपयांचं. पत्रात पैशाचा उल्लेख नाही ते मुद्दाम. मी अशा वेळी फी परत द्यावी या मताचा आहे, पण वेगळ्या कागदावर. त्या पावतीवर फक्त एवढं लिहा की अमुक तारखेची तपासणी फी सदिच्छा म्हणून परत केली, कोणतीही जबाबदारी मान्य केलेली नाही, अन दोघांच्या सह्या. सांत्वनाच्या पत्रातच “आमचे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून” असं लिहिलं तर वरच्या सगळ्या ओळी वाया जातात, आणि तडजोडीच्या बोलणीत जे लिहिता ते वेगळ्या कागदावर स्पष्ट अट घालून लिहिलं तर पुरावा म्हणून न येण्याचीही सोय कायद्यात आहे. “यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही” असं लिहून घ्यायचा मोह टाळा, तीनशे रुपयांत तोंड बंद केलं असंच दिसते.

मात्र पैसे द्यायच्या आधी डॉक्टरांची प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी काढून वाचा. बहुतेक पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, भरपाई द्यायची नाही, आणि दाव्याची शक्यता दिसली की कळवायचं. फी परत करणं भरपाई नाही असं तुम्ही म्हणाल, पण एजंटला एक मेल टाकून विचारलेलं बरं. उद्या खरंच दावा आला अन कंपनीनं हात वर केले तर डॉक्टर स्वतःच्या खिशातून भरतील.

गूगलवरचं उत्तर चार ओळींत संपवा. तिथं त्याची आई आपली पेशंट होती हे सुद्धा म्हणायचं नाही, वेळा नाही, शुगरचा आकडा नाही, मग त्यानं स्वतः सगळं लिहिलं असलं तरी. त्यानं आपली माहिती उघड केली म्हणून डॉक्टरची गोपनीयतेची जबाबदारी संपत नाही. “आपला अनुभव वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे येणाऱ्या कोणालाही असा त्रास होऊ नये असंच आम्हाला वाटतं. इथं कोणाच्याही तब्येतीबद्दल लिहिणं योग्य नाही म्हणून कृपया या नंबरवर बोला.” खाली नाव आणि हुद्दा. स्टाफच्या घरच्यांकडून पाच पाच स्टार टाकून घेऊ नका, तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. अन तक्रार मिटल्यावर “रिव्ह्यू काढून टाका” असं मागू नका. काढायचा तर तो स्वतः काढतो.

तो कागदपत्रं मागेल तेव्हा टाळाटाळ करू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यायचे असं आहे. पुष्कळ ठिकाणी “डॉक्टर बाहेरगावी आहेत” म्हणत पंधरा दिवस फिरवतात, आणि मूळ तक्रार बाजूला राहून कागद दिले नाहीत हीच नवी तक्रार होते, तिला तर बचावच नसतो.

आता हे सगळं कुठं चालत नाही ते सांगतो. थांबलेल्या वेळेत पेशंट दगावला, किंवा कायमचं काही नुकसान झालं, किंवा पोलीस आले, किंवा वकिलाची नोटीस आली, किंवा पत्रात लाखाची रक्कम मागितली, तर वरचं पत्र पाठवू नका. तेव्हा दोन ओळींची पोच द्या, त्यात दुःख व्यक्त करायला काहीच हरकत नाही, आणि विमा कंपनी अन वकील यांना कळवल्याशिवाय पुढचा शब्द लिहू नका. व्ही. पी. शांता प्रकरणात १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, तेव्हापासून खाजगी हॉस्पिटलला हे लागू आहेच, आणि तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. म्हणून ती झेरॉक्सची फाइल विषय मिटला तरी फेकू नका. ग्रामीण रुग्णालयात किंवा पीएचसीत, जिथं सगळ्यांना मोफत सेवा आहे, तिथं ग्राहक आयोगाचा प्रश्न सहसा येत नाही, पण तक्रार आपले सरकार पोर्टलवर किंवा सिव्हिल सर्जनकडे जाते अन वरून खुलासा मागतात, तेव्हाही खुलाशातल्या आणि पेशंटला दिलेल्या पत्रातल्या वेळा एकच असू द्या.

तुमच्या केसमध्ये चक्कर का आली हे तुम्ही लिहिलं नाही. आधी ते पहा, शुगर किंवा बीपी मोजलं होतं का, किती वाजता, कोणी मोजलं. मोजलंच नसेल तर पत्रात त्या जागी “आईंना चक्कर आल्याचं आपण कळवलं आहे” एवढंच येईल, त्याच्यापुढे काही जोडू नका, अन पत्र पाठवायच्या आधी एकदा वकिलाला दाखवा. आणि आजच फोन करा, गूगलवर टाकलंय म्हणजे तो वाट पाहून राहिला आहे.